चराची एकच बाजू रोज ढासळते: खाली उतरण्याआधी काठावर काय पाहायचं

ड्रेनेज किंवा पाण्याच्या लाइनीचं काम करणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. संध्याकाळी चर साफ करून जावं आणि सकाळी येऊन पाहावं तर एका बाजूची माती तळाशी पडलेली असते. फार नसते, पाच-सहा घमेली असते. मुकादम दोन बिगारी खाली उतरवतो, ते माती वर टाकतात आणि काम पुढे सुरू होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त माती थोडी जास्त. माझ्या पाहण्यात चरात माणूस गाडला जाण्याचे प्रसंग या ‘पडलेली माती काढून टाकू’च्या वेळीच जास्त आले आहेत, नव्या खोदाईत कमी.

याचं कारण समजायला सोपं आहे. माती सहसा आधी भिंतीच्या पायथ्याची सुटते, वरची तशीच अधांतरी राहते. पायथ्याशी पडलेला ढीग त्या लोंबत्या भागाला थोडा टेका देत असतो. आपण खाली उतरून नेमका तोच टेका फावड्याने काढतो, आणि काढताना पाठ भिंतीकडे असते. म्हणजे रोज सकाळी पडणारी थोडी माती ही साफसफाईची बाब नाही, पहिली सूचना आहे.

खालचं उदाहरण भीमाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. तिथे मी ड्रेनेज लाइनीवर सुपरवायझर होतो.

काम कसं होतं

रस्ता 20 फूट रुंद, दोन्ही बाजूंना घरं. चर साडेदहा फूट खोल आणि साडेतीन फूट रुंद. वरचा दीड फूट रस्त्याचा जुना भराव, त्याखाली पाच फुटांपर्यंत काळी माती, मग पिवळा मुरूम आणि तळाला मांजऱ्या हा मऊ खडक. पूर्वेच्या बाजूला, चराच्या काठापासून चार फुटांवर, नळाच्या पाण्याची जुनी लाइन तीन फूट खोलीवरून समांतर जात होती. खोदलेली माती जेसीबीने त्याच बाजूला टाकली होती, काठापासून जेमतेम दोन फुटांवर, कारण पश्चिमेला लोकांची ये-जा होती.

पहिल्या सकाळी पूर्वेची सहा घमेली माती खाली होती. दुसऱ्या सकाळी पाव ब्रास. तिसऱ्या सकाळी मी मुकादमाला म्हटलं, आज कोणी उतरायचं नाही, आधी सगळ्यांना काठावर बोलवा. मग जे बोललो तेच पुढे दर सकाळचं बोलणं झालं. पाच ते सात मिनिटं लागतात. हा वेळ हजेरीत धरला पाहिजे. मीटरवर पैसे घेणाऱ्या टोळीला तो पदरचा वाटला तर लोक ऐकण्याचं नाटक करतात आणि नजर चराकडे असते.

काठावरचं बोलणं

‘मंडळी, जेसीबी बंद करा. काठापासून दहा फूट लांब उभे राहा. पोरांनो, मोबाइल खिशात.

‘सिमेंटची गोणी सगळ्यांनी उचलली आहे. पन्नास किलो. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच मातीचा ढेकूळ साधारण त्या गोणीएवढाच भरतो. आता या भिंतीचा सहा फूट लांब, पाच फूट उंच आणि दीड फूट जाड तुकडा सुटला असं धरा. पंचेचाळीस गोण्या झाल्या, सव्वादोन टन. त्या एकदम अंगावर येतात. डोकं बाहेर राहिलं आणि माती छातीपर्यंतच आली तरी माणूस जातो. श्वास सोडला की छाती आत जाते, त्या जागेत माती सरकते, मग पुढचा श्वास घ्यायला छाती फुगत नाही.’

इथे एक वयस्क मामा बोलले. तीस वर्षं खोदाईत गेलेला माणूस.

‘साहेब, पर रातभर उभी हाय की भिंत. पडायची असती तर रातीच पडली असती.’

हा प्रश्न प्रत्येक साइटवर येतो आणि त्याला नीट उत्तर द्यावं लागतं, दटावून भागत नाही.

‘मामा, काळी माती ताजी कापली की खरंच उभी राहते, चाकूने कापल्यासारखी. आतल्या ओलाव्यामुळे ती एकमेकीला धरून असते. उन्हाने वाळली की ती आकसते आणि भेगाळते. जास्त पाणी लागलं की फुगते आणि मऊ पडते. दोन्हीकडून तिची पकड सुटते. म्हणजे काल उभी होती याचा अर्थ आज जास्त पक्की आहे असा नाही. कालपासून ती एक दिवस उन्हात आणि एक रात्र ओलीत राहिली, एवढाच.’

मामा काही बोलले नाहीत, पण तंबाखू मळायची थांबली.

‘आता सगळे माझ्याबरोबर चला. भिंतीकडे नाही, जमिनीकडे बघा. काठाला समांतर जाणारी भेग शोधायची. ती अगदी काठावर असेलच असं नाही. चर जितका खोल, त्याच्या निम्म्यापासून पाऊणपट अंतरापर्यंत ती मागे पडते. आपला चर साडेदहा फूट, म्हणजे काठापासून पाच ते आठ फुटांवर शोधायची.’

आम्ही आठ फुटांपर्यंत चालत गेलो आणि मग सगळ्यांना अडचण दिसली. पूर्वेला ती सगळी जागा मातीच्या ढिगाखाली होती. भेग जिथे पडणार नेमकी तीच जागा आपण झाकून टाकली होती, वर त्याच पट्ट्यावर काही टन वजनही ठेवलं होतं. चार जणांना फावडी देऊन, काठापासून लांब राहून, ढिगाची मागची कड हटवायला सांगितलं. सहा फुटांवर भेग निघाली. बोट जाईल एवढी रुंद, बारा-तेरा फूट लांब. सळई घातली तर हातभर आत गेली.

त्या दिवशी चर आम्ही बंद ठेवला.

भेग जुनी की चालती

भेग दिसली की लगेच वाद सुरू होतो. काळ्या मातीच्या गावात उन्हाळ्यात सगळीकडेच भेगा असतात. मुकादम म्हणतो, ‘ही तर जमिनीचीच आहे.’ खरंही असू शकतं. वाळल्यामुळे पडलेल्या भेगा सहसा जाळ्यासारख्या, चारी दिशांना फुटलेल्या असतात. भिंत सुटू लागल्याची भेग एकच लांब, काठाच्या बरोबरीने जाते आणि बरेचदा तिची चराकडची कड मागच्या कडेपेक्षा थोडी खाली बसलेली असते. भेगेवर आडवा तळहात फिरवला की ही पायरी कळते, डोळ्यांना दिसत नसली तरी.

तरीही खात्री नसेल तर मोजायचं. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा किंवा सळईचा तुकडा ठोकायचा, दोन डोक्यांमधलं अंतर टेपने मोजून वहीत वेळेसह लिहायचं आणि तासाभराने पुन्हा मोजायचं. बिगाऱ्यांना पटावं म्हणून मी त्याच जागी भेगेवरून चुन्याची आडवी रेघही मारतो. रेघ तुटली किंवा तिची दोन टोकं एकमेकांसमोर राहिली नाहीत, तर कोणाला समजावत बसावं लागत नाही. त्या दिवशी सकाळी साडेआठला 140 मिलिमीटर होतं, साडेनऊला 143. तीन मिलिमीटर ऐकायला काही नाही. पण जी जमीन तासाभरात तीन मिलिमीटर चालते, ती उभी नाही, निघालेली आहे. उलट, अंतर तेवढंच राहिलं म्हणजे भिंत सुरक्षित असंही नाही. टेकू न लावलेल्या खोल चरात भेग नसतानाही माणूस उतरवायचा नसतो. मोजणी ‘उतरू नका’ हे सांगायला उपयोगी आहे, ‘उतरा’ हे सांगायला नाही.

बाकीच्या खुणा

भेगेनंतर भिंत बघायची, तीही समोरच्या काठावरून, लांब उभं राहून. पोट सुटल्यासारखा फुगवटा असेल तर तो वरून खाली बघताना लपतो, लांबून तिरकं बघितलं की दिसतो. बांबूच्या टोकाला ओळंबा बांधून लांबूनच सोडला तर अंदाज पक्का होतो. दोरी वर काठापासून वीतभर दूर आणि खाली भिंतीला टेकत असेल, तर भिंत बाहेर आली आहे.

मग दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. जेसीबी बंद, बोलणं बंद. कोणी हात लावत नसताना भिंतीवरून खडे, बारीक ढेकळं टपटप पडत असतील तर माती हलते आहे. माणसं कामात असली की हा आवाज ऐकूच येत नाही, म्हणून ही दोन मिनिटं कामाआधीच काढावी लागतात.

तिसरी गोष्ट पाणी. पायथ्याशी ओल आहे का, आणि असेल तर पाणी कसं आहे? स्वच्छ पाझर वाईटच, पण गढूळ पाझर त्याहून वाईट. गढूळ म्हणजे पाणी आतली बारीक माती घेऊन बाहेर येतं आहे आणि भिंतीच्या मागे पोकळी होते आहे. तळ पायाखाली लिबलिबीत लागत असेल किंवा मधूनच वर फुगला असेल तर तीही भिंतीचीच खूण समजायची. बाजूची माती वजनाने खाली दाबते आणि तळ वर उचलतो.

टेकू लावलेला चर असेल तर लाकडाकडे बघायचं. वाकलेला वासा, तिरका झालेला टेकू, फळीत रुतलेली त्याची टोकं, किंवा उलट हाताने हलणारा सैल टेकू. सैल टेकू दिसला की लोक सरळ हातोडा घेऊन चढतात. तो सैल का झाला हे आधी विचारायचं. बरेचदा फळीमागची माती निघून गेलेली असते.

आमच्याकडे नेमकं काय होत होतं

खुणा दिसल्या की काम थांबतं, पण कारण सापडलं नाही तर उद्या पुन्हा तेच. आमच्याकडे एक गोष्ट खटकत होती. माती रोज रात्रीच पडत होती, दिवसा नाही. ऊन, जेसीबीचे हादरे, टेम्पोची ये-जा हे सगळं तर दिवसाचं. मग रात्री असं काय होतं?

उत्तर समोर राहणाऱ्या एका मावशींनी दिलं. पाणी भरायला त्या पहाटे उठायच्या. म्हणाल्या, ‘साडेचारला नळ येतो, तेव्हाच धप्पकन आवाज होतो बघा.’

गावाला पाणी पहाटे दीड तास सुटायचं. चार फुटांवरच्या त्या जुन्या लाइनीचा एक जोड गळत होता. ती लाइन टाकली तेव्हा भरलेली माती कधी नीट ठोकलेली नव्हती, त्यामुळे गळलेलं पाणी त्या भुसभुशीत पट्ट्यातून सरळ आमच्या भिंतीत उतरायचं, काळी माती आणि मुरूम यांच्या सांध्यावर बाहेर यायचं आणि मुरमाचा वरचा थर धुऊन न्यायचं. आम्ही आठला येईपर्यंत पाणी बंद होऊन दोन तास झालेले असायचे, वरची ओल सुकत आलेली असायची. संध्याकाळी तर भिंत कोरडी ठणठणीत.

खातरजमा करायला एक रात्र त्या गल्लीचा व्हॉल्व बंद ठेवायला लावला आणि लोकांना टँकर दिला. सकाळी तळाशी एक घमेलंही माती नव्हती. त्याच दिवशी जोड बदलला.

जवळून गेलेली जुनी लाइन, बुजवलेला जुना चर, शोषखड्डा किंवा विहीर ही गोष्ट खुणांमध्ये सगळ्यात कमी बघितली जाते, कारण ती दिसत नाही. नव्या गल्लीत चर घेण्याआधी मी म्हाताऱ्या माणसांना विचारतो, ‘इथे आधी काय खणलं होतं?’ नकाशापेक्षा त्यांची आठवण जास्त वेळा कामी आली आहे.

मग दुरुस्ती काय केली

गळती थांबली म्हणून भिंत बरी झाली नाही. सुटलेला तुकडा सुटलेलाच होता. आधी पूर्वेचा सगळा ढीग ट्रॅक्टर-ट्रॉलीने उचलून गावाबाहेर नेला. उकरलेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त असेल तितकी लांब ठेवायची, असं केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटातलं सुरक्षेचं कलम सांगतं. आमच्या खोलीला ते सव्वापाच फूट होतं. अरुंद गल्लीत तेही जमेना, शिवाय भेगेचा पट्टा आठ फुटांपर्यंत जात होता, म्हणून ट्रॉलीच बरी पडली. ठेकेदार कुरकुरला.

मग भेगेच्या आतला सुटलेला भाग जेसीबीने वरून काढला. मशीन चराच्या बाजूला नाही, टोकाला उभं केलं. खाली कोणी नव्हतं. जुन्या लाइनीजवळ बकेट न लावता वर उभं राहून हाताने माती सोडवली. लाइन तेवढी उघडी पडली, तिला वरून आडव्या वाशाला टांगून धरलं.

पुढचा प्रश्न उताराचा की टेकूंचा. त्याच कलमाप्रमाणे दीड मीटर, म्हणजे पाच फूट किंवा त्याहून खोल चराच्या बाजू एकतर मागे उतरत्या घ्यायच्या किंवा लाकडाने पक्क्या टेकवायच्या. आमच्या मातीला उतार द्यायचा म्हटला तर जितकं खाली तितकंच मागे जावं लागलं असतं, भुसभुशीत भरावात त्याच्या दीडपट. दोन्ही बाजूंनी दहा-दहा फूट मागे जायला 20 फुटी रस्ता पुरत नव्हता आणि वाटेत लाइन होती. त्यामुळे टेकू.

फळ्या दोन्ही बाजूंना उभ्या, त्यांना धरून आडवे वासे आणि वाशांमध्ये स्क्रू जॅक. मापं आणि अंतरं इंजिनिअरने काढून दिली. ती मुकादमाच्या अंदाजावर सोडायची गोष्ट नाही, म्हणून इथे देतही नाही. लावण्याचा क्रम मात्र बिगाऱ्यालाही माहीत हवा. टेकू वरून खाली लावत जायचे. सगळ्यात वरचा, चरात न उतरता, काठावरच्या फळीवर उभं राहून बसवायचा, मग त्याच्या आधाराखाली एक टप्पा उतरून पुढचा. फळी आणि माती यांच्यामध्ये पोकळी राहिली तर ती माती ठासून भरायची. पोकळी ठेवली तर फळी कशालाच धरत नाही, माती आधी पडते आणि मग धक्क्याने फळीवर येते.

साठ फूट चर एकदम उघडा ठेवायची सवय सोडली. एका वेळी पंधरा फूट खोदायचा, टेकवायचा, पाइप बसवायचा, भरायचा, मग पुढचे पंधरा. कलमाप्रमाणे दर 30 मीटरला एक शिडी, काठाच्या वर तीन फूट आलेली, एवढं पुरतं. मी प्रत्येक टप्प्यात दोन ठेवल्या, दोन्ही टोकांना. भिंत सुटली तर पळायला वेळ मिळेल असा भरवसा मात्र शिडी देत नाही. शिडी आहे ती खूण दिसल्यावर निघण्यासाठी.

पुन्हा कधी बघायचं

सकाळी एकदा बघून दिवसभर भागत नाही. पाऊस येऊन गेला, जवळून जड वाहन गेलं, जेसीबी हलला किंवा काम तासभर थांबलं, की सगळ्यांना वर घेऊन पुन्हा एक फेरी. जेवणाच्या सुट्टीनंतरची फेरी मी कधीच चुकवत नाही. एप्रिल-मेमध्ये साइटवर सावली असते ती फक्त चरात. डबा घेऊन लोक तिथेच भिंतीला टेकून बसतात आणि थोडं लवंडतातही. ओरडून ते थांबत नाही. आम्ही काठापासून पंधरा फुटांवर हिरवी जाळी चार बांबूंवर बांधली आणि पाण्याचा जार तिथे ठेवला. दुसऱ्या दिवसापासून चरात कोणी जेवलं नाही.

आणि तरी पडलीच तर

हे बोलण्याच्या शेवटी रोज सांगतो, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. आत उडी मारायची नाही. पहिली पडली की मागची भिंत उघडी पडते आणि दुसरी तिच्या मागोमाग येऊ शकते. वाचवायला गेलेले त्यातच सापडतात. सगळ्या मशीन बंद, सगळे काठापासून दूर. एकाने 112 किंवा 101 ला फोन लावायचा, दुसऱ्याने 108 ला. गल्लीचं नाव, जवळची खूण आणि आत किती जण आहेत ते सांगायचं. म्हणूनच उतरताना मुकादमाने डोकी मोजलेली हवीत. माणूस जिथे होता त्या जागेवर काठावरून बांबू किंवा विटेने खूण करून ठेवायची. जेसीबीच्या बकेटने माणूस काढायचा नाही आणि अर्धा गाडलेल्याला दोर बांधून ओढायचंही नाही. आधी दोन्ही बाजू टेकवायच्या, मग हाताने, छोट्या फावड्याने, तोंड आणि छाती आधी मोकळी करायची. हे काम अग्निशमन दलाचं आहे. ते येईपर्यंत आपण फळ्या, वासे, जॅक, शिड्या काठाजवळ आणून ठेवू शकतो.

आमच्या त्या गल्लीतली उरलेली लाइन अकरा दिवसांत संपली. शेवटच्या टप्प्यात पाइप बसला आणि एक तरुण बिगारी वरचा जॅक आधी सोडायला निघाला. सोपा होता, हाताला येत होता. मामांनीच त्याला थांबवलं. ‘खालनं काढ रं. आदी माती भर, मग खालचा टेकू, मग पुन्ना माती. वरचा शेवटी.’

लावताना वरून खाली, काढताना खालून वर. ते त्यांना मी कधी सांगितलेलं आठवत नाही.